अंतर्गत हस्तांतरण किमतीमुळे विभागाचा नफा कसा बदलतो?

प्रश्न: आमच्या साखर कारखान्याचीच डिस्टिलरी आहे. मळीचा दर वाढवला की साखर विभाग नफ्यात येतो आणि डिस्टिलरी खाली जाते. मग खरा नफा कुणाचा?

उत्तर: एका विभागाची विक्री हीच दुसऱ्याची खरेदी असते, त्यामुळे दर बदलला की नफा फक्त इकडून तिकडे सरकतो. समजा मळी 10,000 टन आहे. डिस्टिलरीची विक्री 13 कोटी, मळी सोडून इतर खर्च 2 कोटी. दर टनाला 6,000 धरला तर डिस्टिलरीला 5 कोटी नफा आणि साखर विभागाला, समजा, 3 कोटी तोटा. दर 10,000 केला की दोघांनाही 1-1 कोटी. कारखान्याचे मात्र दोन्ही वेळा 2 कोटीच.

म्हणून "खरा नफा कुणाचा" यापेक्षा दर कुठल्या मर्यादेत हवा ते पाहा. बाहेरचा व्यापारी जागेवर 8,000 देत असेल, तर साखर विभागाने त्याखाली का द्यावी? वरची मर्यादा 11,000, कारण त्यापुढे डिस्टिलरी तोट्यात जाते. मळीला गिऱ्हाईकच नसेल आणि टाक्या भरल्या असतील, तर खालची मर्यादा जवळजवळ शून्यावर येते. ऊस साखरेसाठी गाळलाच जाणार असतो.

घोळ होतो तो बोनस विभागाच्या नफ्यावर ठेवला की. दर 12,000 ठरवला, तर डिस्टिलरीचा मॅनेजर उत्पादन थांबवेल. त्याच्या कागदावर ते बरोबर, पण 11,000 ची मळी बाहेर 8,000 ला जाते आणि कारखान्याचे टनामागे 3,000 बुडतात.

डिस्टिलरी वेगळी कंपनी असेल तर गणित बदलते, कारण तिथे कर मध्ये येतो.