आतल्या जुन्या सहकाऱ्याला ‘जरा विचारून बघ’ म्हणावं का?

‘शेवटची मुलाखत होऊन तीन आठवडे झाले. एचआरने पुढच्या आठवड्यात कळवतो म्हटलं होतं. दोन मेल टाकले, उत्तर नाही. पूर्वी माझ्या टीममध्ये असलेली एक मुलगी आता त्याच कंपनीत आहे. तिला सांगून आतून विचारणा केली तर चालेल का? तिला अवघड वाटेल का? आणि नेमकं लिहू काय?’

हो, चालेल. मात्र तिने काय करायचं, कोणाला विचारायचं आणि तिला जमत नसेल तर कसं सुटायचं, हे तिन्ही तुमच्या मेसेजमध्ये असलं पाहिजे. असाच प्रश्न घेऊन आलेल्या एका गृहस्थांचं उदाहरण सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ चाकणच्या पट्ट्यात सुट्या भागांच्या एका कारखान्यात क्वालिटीला होते. दुसऱ्या एका मोठ्या कंपनीत सप्लायर क्वालिटीच्या पदासाठी त्यांनी कंपनीच्या पोर्टलवरून थेट अर्ज केला होता. शेवटची फेरी ९ जूनला झाली. १८ आणि २५ जूनला त्यांनी एचआरला मेल केले, दोन्ही आधीच्याच मेलच्या साखळीत. तोवर हातात दुसरी एक ऑफर आली आणि तिला १० जुलैपर्यंत होकार-नकार कळवायचा होता. माझ्याकडे ते जुलैच्या सुरुवातीला आले, तेव्हा त्या कंपनीत असलेल्या, पूर्वी त्यांच्या हाताखाली काम केलेल्या मुलीसाठीचा मेसेज मोबाइलवर टाइप करून तयार होता, फक्त पाठवायचा राहिला होता:

‘हाय, कशी आहेस? खूप दिवसांत बोलणं नाही. तुमच्याकडे माझा इंटरव्ह्यू झालाय, पण काहीच कळत नाहीये. जरा सिस्टीममध्ये बघ ना काय स्टेटस आहे. एचआरशी बोलून घे, आणि जमलं तर माझ्याबद्दल दोन शब्द पण टाक.’

जुन्या ओळखीतला, मोकळा मेसेज. पण तो तिच्या जागी बसून वाचून बघा. पद कोणतं, एचआरमधलं माणूस कोण, मुलाखत कधी झाली, यातलं काहीच तिला ठाऊक नाही. म्हणजे आधी तिनेच उलट प्रश्न विचारायचे. त्यात कामं तीन सांगितलेली आहेत आणि तिन्ही वेगळ्या वजनाची आहेत. एचआरला विचारणं सोपं. ‘सिस्टीममध्ये बघणं’ तिच्या हातातच नाही. वर्कडे किंवा सक्सेसफॅक्टर्ससारख्या प्रणालीत सर्वसाधारण कर्मचाऱ्याला दुसऱ्याचा अर्ज कुठवर आलाय ते दिसत नसतं. ते बघायचं तर भरती विभागातल्या कोणाला तरी गुपचूप विचारावं लागणार, आणि तिथे तिची नोकरी पणाला लागते. ‘दोन शब्द टाक’ याची तर वेळच टळून गेली होती. शिफारस अर्जाच्या आधी किंवा अर्जाबरोबर होते. बहुतेक कंपन्यांत रेफरलची नोंदही तेव्हाच करावी लागते. मुलाखती संपल्यावर दुसऱ्या विभागातून कोणी चांगलं बोलायला लागलं की त्याचा वास दबावासारखा येतो.

या सगळ्याहून मला खटकलं ते वेगळंच. ती अजूनही त्यांना ‘सर’ म्हणते. तिचं पहिलं अप्रेझल यांनीच लिहिलं होतं. आपल्याकडे हे नातं नोकरी बदलली म्हणून संपत नाही. अशा माणसाला ती ‘नाही जमणार’ म्हणूच शकत नाही. फार तर दोन दिवस मेसेज उघडणार नाही आणि मनातून कानकोंडी होईल. म्हणून वरिष्ठाने कनिष्ठाला असं काही सांगायचं असेल, तर नकाराची वाट वरिष्ठानेच आधी मोकळी करून ठेवावी, असं मी आग्रहाने म्हणते. ‘जमलं तर बघ’ एवढ्याने ती मोकळी होत नाही, कारण तसं आपण प्रत्येक कामाला म्हणतो.

मेसेज नव्याने लिहिण्याआधी एचआरचं हे गप्प बसणं कशाचं असू शकतं ते आम्ही नीट पाहिलं, कारण त्यावरूनच तिच्याकडून काय मागायचं ते ठरतं. अशा वेळी उमेदवाराला वाटतं, नकारच आहे, फक्त सांगत नाहीत. कधी तसं असतंही. पण भरतीत याची इतर कारणं पुष्कळ आहेत. ऑफर पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला गेलेली असते आणि त्याचा होकार यायचा असतो. आपल्याकडे नोटीस पीरियड दोन-तीन महिन्यांचा असतो आणि होकार देऊनही माणसं रुजू होत नाहीत, त्यामुळे एचआर दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला नाही म्हणत नाही, हो म्हणत नाही, नुसतं थांबवून ठेवतं. कधी निवड झालेली असते, पण अपेक्षित पगार त्या पदाच्या बँडच्या वर जातो आणि मंजुरी वरच्या साहेबांच्या टेबलावर अडकते. कधी पदच होल्डवर जातं. कधी तुमच्याशी बोलणारी एचआरची व्यक्ती कंत्राटावर असते, ती निघून जाते आणि तुमचे मेल कोणी न बघणाऱ्या इनबॉक्समध्ये पडून राहतात.

शेवटचं सोडलं तर यातल्या एकाही कारणावर त्या मुलीचा इलाज चालणार नाही. मंजुरी ती आणू शकत नाही आणि पहिल्या उमेदवाराला हलवूही शकत नाही. तिच्या हातून होण्यासारखी गोष्ट एकच: न वाचलेला मेल योग्य माणसाने वाचावा, एवढं घडवून आणणं. मग मागायचंही तेवढंच.

दोन गोष्टी मी त्यांना आधी विचारल्या. ती त्याच टीममध्ये किंवा मुलाखत घेणाऱ्यांत आहे का? असती तर तिला काहीच सांगू नका म्हटलं असतं, कारण मग तिचं विचारणं म्हणजे निर्णयात हात घालणं झालं असतं. दुसरं, अर्ज कन्सल्टन्सीमार्फत गेला होता का? तसं असतं तर पहिला फोन कन्सल्टंटला. त्याला वगळून आतून चौकशी गेली की त्याच्या फीचा प्रश्न उभा राहतो आणि एचआर सावध होतं. इथे दोन्ही अडचणी नव्हत्या. ती लॉजिस्टिक्समध्ये होती, पद क्वालिटीतलं होतं.

मेसेज आम्ही दोन तुकड्यांत लिहिला, दोन वेगळे मेसेज म्हणून. कारण साधं आहे. एकाच मेसेजमध्ये घरगुती बोलणं आणि एचआरला द्यायची माहिती आली, तर तिला बसून त्यातलं काय ठेवायचं, काय काढायचं ते निवडावं लागतं. वेगळे असले की दुसरा उचलायचा आणि जसाच्या तसा पुढे टाकायचा. तिच्या ऑफिसच्या मेलवर किंवा टीम्सवर पाठवायचा त्यांचा विचार होता, तो मी बदलायला लावला. ऑफिसचा मेल कंपनीचा असतो. बाहेरच्या उमेदवाराने तिच्याशी संपर्क केला हे तिथे कधी आणि कसं नोंदवायचं, ते तिला ठरवू द्यावं. म्हणून तिच्या स्वतःच्या व्हॉट्सॲपवर.

पहिला मेसेज असा गेला:

‘नमस्कार, कशी आहेस? एक छोटं काम आहे आणि ते नाही केलंस तरी काही बिघडणार नाही, म्हणून आधीच सांगतो. तुमच्या कंपनीत सप्लायर क्वालिटीच्या पदासाठी ९ जूनला माझी शेवटची मुलाखत झाली. त्यानंतर एचआरला दोन मेल केले, ते बहुधा पाहिले गेले नाहीत. खालचा मेसेज त्यांच्यापर्यंत पोचवता येईल का? फक्त पोचवायचा, माझ्यासाठी शब्द टाकायचा नाही, आत काय चाललंय तेही बघायचं नाही. आपण पूर्वी एकत्र काम केलंय हे एचआरला खुशाल सांग. तुमच्याकडे असं करणं बरं दिसत नसेल किंवा तुला अवघड वाटत असेल, तर उत्तरही देऊ नकोस. मी समजून घेईन आणि पुन्हा विचारणार नाही.’

आणि लगेच खाली दुसरा. तो प्रत्यक्षात इंग्रजीत होता, इथे मराठीत देते:

‘पद: सप्लायर क्वालिटी, जाहिरातीतला जॉब आयडी अमुक. उमेदवाराचं नाव, मोबाइल, अर्जात दिलेला ईमेल. शेवटची मुलाखत ९ जून. एचआरमधील संपर्क: अमुक मॅडम. त्यांना १८ आणि २५ जूनला मेल केले आहेत. या पदात मला रस आहे. दुसऱ्या एका ठिकाणी मला १० जुलैपर्यंत कळवायचं आहे, त्यामुळे हे पद अजून खुलं आहे का आणि निर्णय साधारण कधी अपेक्षित आहे, एवढं कळलं तर मदत होईल.’

जॉब आयडी आवर्जून घातला, कारण एकाच नावाची तीन-चार पदं एकाच वेळी खुली असू शकतात आणि एचआर शोधतं ते त्या क्रमांकावरून. ईमेलही अर्जात दिला होता तोच, नाहीतर प्रणालीत माणूस सापडत नाही. दुसऱ्या ऑफरचा उल्लेख तारखेपुरता. कंपनीचं नाव नाही, पगाराचा आकडा नाही. आकडा घातला की विचारणा सौद्यात बदलते, आणि तो सौदा त्या मुलीच्या तोंडून होतो. तारीख मात्र खरी असावी. खोटी ऑफर दाखवून घाई करणाऱ्यांना एचआर सरळ शुभेच्छा देऊन मोकळं होतं.

‘उत्तरही देऊ नकोस’ हे वाक्य त्यांना पटत नव्हतं. ‘मॅडम, मग ती करणारच नाही,’ असं ते म्हणाले. मी म्हटलं, करायचं नसेल तर नाही करणार, आणि तो तिचा हक्क आहे. ते वाक्य राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा निरोप आला: ‘फॉरवर्ड केलं सर.’ त्यानंतर दोन दिवसांनी एचआरचा मेल आला. आधीच्या मॅडम दुसऱ्या विभागात गेल्या होत्या. पद खुलं होतं, पण मंजुरी अडली होती आणि महिनाअखेरीच्या आत निर्णय होणार नव्हता. नोकरी मिळाली नाही, पण १० तारखेचा निर्णय अंदाजावर घ्यायची वेळ टळली. त्यांनी दुसऱ्या कंपनीकडे मुदत वाढवून मागितली, ती मिळाली नाही. मग त्यांनी हातातली ऑफर घेतली आणि त्याच दिवशी इकडे अर्ज मागे घेत असल्याचं कळवलं.

मधल्या दिवसांत एक नाजूक गोष्ट घडली. त्या मुलीने आपणहून फोन केला आणि बोलता बोलता म्हणाली, ‘सर, ऐकलं की आतल्याच कोणाचंतरी नाव चाललंय.’ ते लगेच एचआरला ‘इंटर्नल कॅन्डिडेट आहे असं समजलं’ असं लिहायला निघाले होते. मी थांबवलं. त्या वाक्यानंतर एचआरचा पहिला प्रश्न ‘कोणाकडून समजलं?’ हाच झाला असता, आणि निरोप कोणी पोचवला होता ते त्यांना माहीतच होतं. असं कानावर आलेलं आपल्या हिशेबात धरावं, हातातली ऑफर सोडायची की नाही हे ठरवताना त्याचा विचार करावा, पण लेखी कुठेही आणू नये. तिलाही ‘अजून काय कळलं?’ असं विचारू नये.

अर्ज मागे घेतल्याचं त्यांनी त्याच संध्याकाळी तिला कळवलं. नाहीतर पुढे जेवणाच्या सुट्टीत एचआरकडून तिला ते कळलं असतं: ‘तुमचे ते सर दुसरीकडे गेले की.’