पहिला ऑडिओ इंटरफेस कोणता घेऊ?

प्रश्न: घरी गाणं आणि पेटी एकत्र रेकॉर्ड करायचीय, विंडोज लॅपटॉप आहे. दोन इनपुटचा इंटरफेस पुरेल का?

पुरेल, पण दोन्ही इनपुट माइकचे हवेत. स्वस्त मॉडेलांत बरेचदा एक माइकचं आणि एक गिटारचं असतं, मग पेटीचा माइक लावणार कुठे? फोटोत तीन टाचण्यांच्या एक्सएलआर केबलचे सॉकेट मोजा.

माइकचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या प्रीअँपला किती गेन, म्हणजे वाढवण्याची ताकद, हवी ते माइकवर ठरतं. कंडेन्सर माइकला 50 डीबी पुष्कळ, फक्त इंटरफेसमधून माइकला मिळणारी 48 व्होल्ट फँटम पॉवर हवी. एसएम७बीसारख्या डायनॅमिक माइकला 60 लागतात, नाहीतर आवाज वाढवला की मागून सूंऽऽ ऐकू येतं.

ड्रायव्हर मात्र आधी बघा. आवाज उशीर न होता ऐकू यावा म्हणून लागणारा, कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर तुमच्या विंडोजसाठी अलीकडे निघालाय का? माझा पहिला इंटरफेस एका अपडेटनंतर मुकाच झाला.

बजेटमधले निम्मेच इंटरफेसवर घाला. माइक, स्टँड, केबल बाकी आहेत.