गुंतवणुकीची चाळणी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : गुंतवणूक तपासायला स्वतःची यादी करायला घेतली, तर चाळीस मुद्दे झाले. आता ती वहीत पडून आहे. किती आणि कोणते प्रश्न ठेवावेत?

पाच पुरतात. यादी लांबली की तिचा उपयोग उलटाच होतो. जे मनात आधीच ठरलेले असते, त्याच्या बाजूचे आठ-दहा मुद्दे चाळिसात सापडतातच आणि आपण त्यांवर बोट ठेवून मोकळे होतो.

पहिला प्रश्न : हे पैसे वाढणार ते कुठून? व्याज कोण भरणार आणि त्याच्याकडे ते कशातून येणार, हे दोन वाक्यांत लिहिता आले पाहिजे. दुसरा : यावर देखरेख कुणाची, आणि बुडाले तर कायद्याने किती परत मिळेल? तिसरा : खर्च आणि कर वजा जाता माझ्या हातात वर्षाला किती टक्के पडतील? चौथा : मधेच पैसे लागले तर ते किती दिवसांत आणि किती तोट्याने सुटतील? पाचवा : मला हे सांगणाऱ्याला यातून काय मिळते?

यादीपेक्षा तिचे दोन नियम महत्त्वाचे. एक, प्रत्येक उत्तरापुढे ते कुठल्या कागदात वाचले, हे लिहायचे. ‘काका म्हणाले’ हा कागद नव्हे. दोन, गुणांची बेरीज करायची नाही. चार उत्तरे उत्तम आणि देखरेखीचे उत्तर कोरे, म्हणजे पाचपैकी चार गुण नव्हेत. ती कल्पना तिथेच थांबली. पुलाचे चार खांब भक्कम असून पाचवा नसला तर त्यावरून कोणी गाडी नेत नाही.

प्रश्न : मामा विमा एजंट आहेत. वर्षाला १ लाख रुपये, दहा वर्षे भरायचे. विसाव्या वर्षी २० लाख मिळणार. “पैसे दुप्पट, तेही सुरक्षित,” असे ते म्हणतात. घ्यावी का?

इथे पहिले दोन प्रश्न सहज सुटतात. विमा कंपन्यांवर आयआरडीएआय या विमा नियामकाची देखरेख आहे आणि पैसा कुठे गुंततो हेही ठरलेले आहे. गाडी अडते ती तिसऱ्या प्रश्नावर. ‘दुप्पट’ हा शब्द ऐकायला मोठा वाटतो, कारण त्यात वेळ झाकली जाते. दर काढायला स्प्रेडशीट उघडा. A1 ते A10 या घरांत -100000, A11 ते A20 मध्ये 0 आणि A21 मध्ये 2000000 लिहा. मग रिकाम्या घरात हे सूत्र द्या :

```
=IRR(A1:A21)
```

उत्तर येते साधारण ४.५ टक्के. मधल्या घरांत शून्य लिहायला विसरू नका. ती मोकळी ठेवली तर सूत्र ती वर्षे मोजतच नाही आणि दर फुगून दिसतो. तुलनेसाठी, पीपीएफचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के राहिला आहे. तो दर कायम राहिला असे धरून हेच दहा हप्ते पीपीएफमध्ये वर्षाच्या सुरुवातीला भरले आणि खाते मुदतवाढ घेत वीस वर्षे चालवले, तर सुमारे साडेएकोणतीस लाख होतात. (खाते चालू राहायला पुढेही वर्षाला किमान ५०० रुपये भरावे लागतात. आणि व्याजदर सरकार दर तिमाहीला ठरवते, म्हणून हा आकडा हमीचा नाही.) पॉलिसीत विम्याचे कवच मिळते हे खरे, पण ते वार्षिक हप्त्याच्या दहापट, म्हणजे १० लाखांच्या आसपास असेल. तेवढे कवच निव्वळ मुदत विम्यात किती हप्त्यात मिळते ते विचारून पाहा आणि साडेनऊ लाखांच्या फरकाशी ताडून पाहा.

आणखी एक गोष्ट मामांना मागा : बेनिफिट इलस्ट्रेशन. ते वर्षवार कोष्टक असते. बोनस हमीचा नसेल तर त्यात ४ टक्के आणि ८ टक्के असे दोन गृहीत दर धरून दोन रकाने दिलेले असतात. तोंडी सांगितलेला आकडा बहुधा ८ टक्क्यांच्या रकान्यातला निघतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी पॉलिसी सोडली तर किती हातात येईल, म्हणजे आपला चौथा प्रश्न, याचे उत्तरही त्याच कागदावर आहे. सही आधीच झाली असेल, तर पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. मुद्रांक, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा खर्च कापून बाकी पैसे मिळतात.

पाचवा प्रश्न मामांना विचारणे अवघड जाते, पण त्यात त्यांच्या हेतूवर शंका नाही. त्यांना पहिल्या हप्त्यावर सर्वांत जास्त कमिशन मिळते एवढेच नोंदवायचे. माणूस प्रामाणिक असला तरी तो आपल्या पिशवीतलीच वस्तू सुचवणार.

प्रश्न : व्हॉट्सॲप ग्रुपवर एका छोट्या कंपनीचा शेअर सुचवला आहे. ‘मोठा समूह कंपनी विकत घेतोय, आठवड्यात दुप्पट.’ ग्रुप चालवणाऱ्याने सेबीचा नोंदणी क्रमांकही दिलाय. भाव रोज वर जातोय. थांबलो तर संधी जाईल ना?

भाव वर जातोय हा टिपेच्या खरेपणाचा पुरावा नाही. टीप पसरली म्हणून भाव वर जातो, हेही तितकेच शक्य आहे. साधना ब्रॉडकास्ट या कंपनीबाबत सेबीने मार्च २०२३ मध्ये दिलेला अंतरिम आदेश या बाबतीत वाचण्यासारखा आहे. २०२२ मध्ये यूट्यूबवर त्या शेअरबद्दल खोटे दावे करणारे व्हिडिओ आले. एक मोठा उद्योगसमूह ही कंपनी ताब्यात घेणार, हाही त्यांतलाच एक दावा. लहान भागधारकांची संख्या सुमारे दोन हजारांवरून पंचावन्न हजारांवर गेली आणि त्या वाढलेल्या भावात ज्यांच्याकडे आधीपासून शेअर होते ते विकून बाहेर पडले, असे सेबीने त्यात नोंदवले. तुम्ही ‘थांबलो तर’ म्हणता त्या क्षणी समोर विकणारा कोण आहे, हाच खरा पहिला प्रश्न.

तपास पाऊण तासाचा आहे. बीएसईच्या संकेतस्थळावर कंपनीचे पान उघडा आणि घोषणा वाचा. शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपनीला ताबा, मोठी ऑर्डर, विलीनीकरण अशा गोष्टी बाजाराला कळवाव्याच लागतात. ग्रुपवरची बातमी तिथे नसेल तर ती अफवा आहे किंवा चोरून फोडलेली माहिती आहे. दोन्ही बाबतीत तुम्ही हात घालू नये. मग शेअरहोल्डिंग पॅटर्नच्या, म्हणजे कुणाकडे किती शेअर आहेत त्या तक्त्याच्या, शेवटच्या चार तिमाही शेजारी-शेजारी ठेवा. प्रवर्तकांचा हिस्सा उतरतोय आणि किरकोळ भागधारक भराभर वाढताहेत, हे चित्र दिसले तर पुढे वाचायचीही गरज नाही. ते नसेल तर पाच वर्षांचा नफा आणि व्यवसायातून प्रत्यक्ष आलेली रोख रक्कम ताडून पाहा. नफा दरवर्षी दिसतो पण रोख येतच नाही, म्हणजे विक्री कागदावर आहे, वसुली नाही.

चौथा प्रश्न अशा शेअरमध्ये सगळ्यात जास्त छळतो. भावाला दिवसाची ५ टक्क्यांची मर्यादा असेल, तर पडझडीत शेअर सकाळीच खालच्या सर्किटला, म्हणजे त्या मर्यादेला, लागतो आणि घेणारा कोणीच नसतो. सलग दहा दिवस असे झाले तर १०० रुपयांचा शेअर साठावर येतो आणि तोवर तुमची विक्रीची ऑर्डर रांगेतच पडून असते. ‘दहा टक्के पडला की विकेन’ हा बेत इथे चालत नाही. म्हणून रोजची उलाढाल रुपयांत पाहा आणि वरच्या सर्किटचे दिवस सोडून शांत दिवसांची सरासरी धरा.

नोंदणी क्रमांकाबद्दल : संशोधन विश्लेषकाचा क्रमांक INH ने आणि गुंतवणूक सल्लागाराचा INA ने सुरू होतो. तो sebi.gov.in वरच्या यादीत सापडला म्हणून समाधान मानू नका, कारण दुसऱ्याचा खरा क्रमांक ढापून वापरणारे पुष्कळ आहेत. यादीतल्या फोनवर किंवा ईमेलवर स्वतः संपर्क करून ‘हा ग्रुप तुमचा का?’ विचारा. आणि ‘आठवड्यात दुप्पट’ अशी खात्री कोणताही नोंदणीकृत माणूस नियमाने देऊच शकत नाही.

प्रश्न : गावातल्या पतसंस्थेत ठेवीवर ११ टक्के आहेत, बँकेत ७. चुलते संचालक आहेत, त्यामुळे भीती नाही. निवृत्तीचे ५ लाख ठेवावेत का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी लिहा. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचे विमा कवच आहे : फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे ५ लाख, मुद्दल आणि व्याज मिळून. पतसंस्थेला ते नाही. पाटीवरच्या ‘सहकारी’ शब्दामुळे दोन्ही सारख्या वाटतात, तिथेच गफलत होते.

आता हिशेब. ५ लाखांवर ४ टक्के जास्त म्हणजे वर्षाला २० हजार. मुद्दल अडकले तर ते जास्तीच्या व्याजातून भरून यायला २५ वर्षे लागतील. एवढ्या फरकासाठी निवृत्तीचा सगळा पैसा एका संस्थेत नको.

तरी काही रक्कम ठेवायचीच असेल तर वार्षिक अहवाल मागा. सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हायची असते आणि अहवाल सभासदांना मिळतो. त्यात लेखापरीक्षणाचा वर्ग, ढोबळ व निव्वळ एनपीए, म्हणजे थकलेली कर्जे, आणि संचालक व त्यांच्या नातेवाइकांना दिलेली कर्जे पाहा. एनपीए तीन वर्षे चढता असेल तर वर्ग ‘अ’ असूनही जाऊ नका. चुलते संचालक असणे ही हमी नाही. उलट अडचण आली तर ठेव मोडायला तुम्हालाच संकोच वाटेल.

प्रश्न : यादीत बसला नाही म्हणून एक शेअर सोडला. मेहुण्यांनी घेतला, तो दुप्पट झाला. आता घरी रोज टोमणे. यादी बदलावी का?

एका निकालावरून नाही. सोडलेल्या कल्पनाही वहीत तारीख, त्या दिवशीचा भाव आणि अडलेला प्रश्न यांसह लिहून ठेवा. पंधरा-वीस नोंदी झाल्या आणि एकाच प्रश्नामुळे चांगल्या गोष्टी पुन्हा पुन्हा सुटल्या, असे दिसले तरच त्या प्रश्नाचे शब्द सुधारा.

मेहुण्यांना दोन गोष्टी विचारा : किती रुपयांचे घेतले, आणि विकले का? पाच हजारांचे दहा हजार झाले आणि ते अजून डीमॅटमध्येच असतील, तर टोमणा पाच हजारांचाही नाही. त्यांनी बाकीचे शेअर कोणते घेतले होते, हे विचारायचे की नाही, ते तुमच्या घरच्या वातावरणावर सोडतो.