गोळ्या संपायच्या आधी कळायला हवं असेल तर

प्रश्न : आई-बाबा गुहागर तालुक्यातल्या वाडीत, मी ठाण्यात. बाबांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या रोजच्या आहेत. दर वेळी "दोनच राहिल्यात" असा फोन येतो. शिल्लक मोजून वेळेवर आठवण कशी करावी? आईकडे साधा फोन आहे.

उत्तर :

"दोनच राहिल्यात" असा फोन येतो, कारण घरात शिल्लक गोळ्यांची मोजली जाते. मोजायचे असतात दिवस. डब्यात ५२ गोळ्या दिसल्या की भरपूर वाटतात, पण मेटफॉर्मिन सकाळ-संध्याकाळ असेल तर ते फक्त २६ दिवस झाले. आणि त्यातलेही सगळे दिवस हातात नसतात, गोळी घरी पोचायला लागणारे दिवस वजा करावे लागतात.

मोजणी रात्री, त्या दिवसाची शेवटची गोळी घेऊन झाल्यावर करा. सकाळी मोजलं की आजची गोळी धरली की नाही यावरून फोनवर वाद होतो आणि एका दिवसाची चूक तिथेच घुसते. आईंना बेरीज करायला लावू नका. प्रत्येक औषधाच्या "भरलेल्या स्ट्रिप किती, आणि फोडलेल्या स्ट्रिपमध्ये किती" एवढंच विचारा. एका स्ट्रिपमध्ये किती गोळ्या तेही एकदा बघून घ्या. कुठली १० ची, कुठली १४ ची, कुठली १५ ची असते, आणि कंपनी बदलली की आकडाही बदलतो. "तीन पाकिटं आहेत" म्हणजे ३० की ४५, हे नुसतं ऐकून कळत नाही.

आता एक हिशोब पूर्ण करून दाखवतो. समजा २० जूनच्या रात्री टेल्मिसार्टन ३८ आहेत (रोज १), मेटफॉर्मिन ५२ (रोज २) आणि अ‍ॅस्पिरिन ७५ च्या २४ (रोज १). टेल्मिसार्टन २८ जुलैपर्यंत पुरेल, मेटफॉर्मिन १६ जुलैपर्यंत, अ‍ॅस्पिरिन १४ जुलैपर्यंत. सगळ्यात आधी अ‍ॅस्पिरिन संपतंय, तेव्हा मागणीची तारीख तिच्यावरून ठरवायची.

किती दिवस आधी मागवायचं? वाडीतून चिपळूणला आठवड्यातून एकदाच कोणी जात असेल तर ७ दिवस, आणि दुकानात तो ब्रँड नसला तर स्टॉकिस्टकडून यायला आणखी २-३ दिवस. उन्हाळ्यात १० दिवस पुरतात. जून ते सप्टेंबर मात्र १५ धरा. घाटात दरड आली की माल अडतो. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची बाजारपेठच पाण्याखाली गेली होती, तेव्हा प्रश्न फक्त रस्त्याचा नसतो. १४ जुलैमधून १५ दिवस मागे गेलं की येतो २९ जून. त्या दिवशी तिन्ही औषधं एकत्र मागवायची.

आणि तिन्हींच्या सारख्याच स्ट्रिप घेऊ नका. नेमकी इथेच बहुतेक घरांत घडी विस्कटते. समजा टेल्मिसार्टनची स्ट्रिप १५ ची, मेटफॉर्मिनची १० ची, अ‍ॅस्पिरिनची १४ ची आहे. मग अनुक्रमे ३, १० आणि ४ स्ट्रिप घ्या. आधीच्या शिलकीत मिळवल्यावर टेल्मिसार्टन ११ सप्टेंबरपर्यंत, मेटफॉर्मिन ४ सप्टेंबरपर्यंत आणि अ‍ॅस्पिरिन ८ सप्टेंबरपर्यंत जाते. दोन आठवड्यांचं अंतर एका आठवड्यावर आलं, आता तिन्हींना एकच फेरी पुरेल. पुढची मागणी ४ सप्टेंबरच्या १५ दिवस आधी, म्हणजे २० ऑगस्टला. गणपतीत चाकरमानी आले की गाड्या भरलेल्या आणि दुकानदार गडबडीत असतो, त्याच्या आधी काम उरकलेलं बरं.

हे तुम्ही ठाण्यात बसून गूगल शीटमध्ये ठेवू शकता. A मध्ये औषध, B मध्ये मोजलेल्या गोळ्या, C मध्ये मोजल्याची तारीख, D मध्ये रोजच्या गोळ्या (अर्धी असेल तर 0.5), E मध्ये किती दिवस आधी मागवायचं ते. F2 मध्ये मागणीची तारीख आणि G2 मध्ये आज रात्री किती उरायला हव्यात ते येईल :

```
F2: =C2+INT(B2/D2)-E2
G2: =B2-(TODAY()-C2)*D2
```

F2 मध्ये तारखेऐवजी पाच आकडी संख्या दिसली तर त्या रकान्याचं फॉरमॅट Date करा. #VALUE! आलं तर बहुधा C मधली तारीख शीटने मजकूर म्हणून घेतलेली असते. File > Settings मध्ये Locale भारताचं करून तारीख पुन्हा टाका. शीट स्वतःहून हाक मारत नाही, म्हणून F मधली तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, तीही औषध मागवणाऱ्याच्या फोनमध्ये. गोळी घेणाऱ्याला आठवण करून देऊन इथे काही उपयोग नाही.

आईंसाठी फोनशिवायची खूण ठेवा. १५ दिवसांचा साठा (टेल्मिसार्टनची एक स्ट्रिप, मेटफॉर्मिनच्या तीन, अ‍ॅस्पिरिनच्या दोन) रबरबँड लावून वेगळ्या डब्यात ठेवायचा. कुठल्याही औषधाचं रबरबँड सोडावं लागलं की त्याच दिवशी तुम्हाला फोन. नवीन माल आला की जुना बाहेर वापरायला घ्यायचा आणि नवा रबरबँडमध्ये जायचा, नाहीतर तीच स्ट्रिप वर्षभर पडून तिची मुदत संपते. साठा करायचा म्हणून गोळ्या स्ट्रिपमधून काढून बरणीत भरू नका, आपल्याकडच्या पावसाळी हवेत काही गोळ्या मऊ पडतात, डाग धरतात. स्ट्रिप कापायचीच झाली तर मुदत आणि बॅच नंबर छापलेला तुकडा शेवटी वापरा.

महिन्यातून एकदा खरी मोजणी G शी ताडून बघा. शीट २० म्हणते आणि डब्यात २६ आहेत, तर गोळ्या चुकल्यात (मेटफॉर्मिन असेल तर तीन दिवसांच्या). आकडा गुपचूप दुरुस्त करून पुढे जाऊ नका आणि चुकलेल्या गोळ्या जोडीने घेऊन भरूही नका, पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगा. नाहीतर शुगर वाढलेली बघून डोस वाढवला जातो, आणि मूळ कारण संध्याकाळची विसरलेली गोळी असतं. डब्यात कमी निघाल्या तर जास्त सावध व्हा. एकच गोळी दोनदा घेतली जात असेल. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची दिली आणि जुनीही चालूच राहिली, तरी असंच होतं, म्हणून वेष्टनावरचं औषधाचं मूळ नाव आईंकडून वाचून घ्या. कमी निघाल्यावर पुढच्या तपासणीची वाट न बघता लगेच डॉक्टरांशी बोला.

पुरवून पुरवून खायची वेळ आलीच, तर अर्ध्या गोळीवर ढकलू नका. मेटोप्रोलॉलसारखी बीपीची औषधं आणि फिटच्या गोळ्या एकदम तुटल्या तर त्रास उलटून येतो. अशा वेळी एखाद्या दिवसासाठी जवळच्या दुकानातून त्याच औषधाची, त्याच मिलिग्रॅमची चार-पाच गोळ्यांची कापलेली स्ट्रिप मिळते का ते बघा. त्यासाठी आणि एरवीही चिठ्ठी लागते. चिठ्ठी जुनी झाली म्हणून दुकानदाराने नकार दिला तर त्याच्याशी भांडू नका, तो नियमानेच वागतोय. शीटमध्ये शेवटी "पुढची तपासणी" असा एक रकाना जोडा. ती तारीख मागणीच्या तारखेच्या आधी येईल अशी अपॉइंटमेंट घ्या. डोस बदलला तर त्याच रात्री पुन्हा मोजून B, C आणि D तिन्ही नव्याने भरा, नुसता D बदलला तर मागच्या दिवसांचा हिशोबही नव्या डोसने होतो आणि तारीख चुकते.