लाकडी घाण्याच्या तेलाची टॅगलाइन: तीन मोठे शब्द की एक चित्र?

प्रश्न: सांगलीजवळ आमचे दोन लाकडी घाणे आहेत, मोटरवर चालणारे. शेंगदाणा तेल एक लिटरच्या बाटलीत विकतो. लेबलवर 'शुद्धता, विश्वास आणि आरोग्याचा अस्सल वारसा' असं आहे. सगळे म्हणतात, ही तर कुणाचीही ओळ वाटते. शिवाय तळाशी गाळ दिसला की गिऱ्हाईक कुरकुर करतं. ओळ कशी बदलू?

उत्तर:

तुमची ओळ तुपाच्या बरणीवर लावा, मग पतसंस्थेच्या पाटीवर, मग दवाखान्यावर. तिन्हीकडे बसते, म्हणजे ती तेलाबद्दल काहीच सांगत नाही. शिवाय शुद्ध, नैसर्गिक, पारंपरिक असले शब्द खाद्यपदार्थांवर कसे वापरायचे याला अन्नसुरक्षा बघणाऱ्या एफएसएसएआय या सरकारी संस्थेच्या २०१८ च्या दावे व जाहिरात नियमांत अटी आहेत. छापण्याआधी त्या बघून घ्या.

या ओळीला ठिगळ लावत बसू नका. घाण्यापाशी उभं राहून फक्त डोळ्यांना, नाकाला, हाताला जे कळतं ते लिहून काढा: घाण्यातली लाकडी लाट फिरतानाचा करकर आवाज, पेंडीचा वास, गाळायचं फडकं, पिंपात निवळत ठेवलेलं तेल, बाटलीच्या तळाचा गाळ. पंधरा-वीस गोष्टी झाल्या की रिफाइंड तेलवाल्याला ज्या म्हणता येतील त्या खोडा. मग ज्या खोट्या आहेत त्या खोडा. 'बैल दमतो, तेल तापत नाही' ही ओळ कानाला छान लागते, पण तुमच्याकडे बैलच नाही. अशी ओळ पहिल्याच भेटीला आलेल्या गिऱ्हाइकासमोर पडते.

उरतो गाळ. माझ्या मते तुमचं सगळ्यात चांगलं भांडवल तेच, कारण लोक आधीच त्याबद्दल बोलतायत. तो मुख्यतः शेंगदाण्याचाच बारीक चोथा असतो. रिफाइंड तेल गाळून, प्रक्रिया करून येतं, म्हणून त्याच्या बाटलीत तो दिसत नाही.

आता ओळ घडवू. पहिला खर्डा: 'तळाशी दिसतो तो शेंगदाण्याचा नैसर्गिक अंश.' ही खुलाशाची नोटीस झाली. दुसरा: 'तळाशी गाळ, वर अस्सल तेल.' लहान झाली, पण गाळ म्हटलं की विहीर आठवते, आणि 'अस्सल' मागच्या दाराने परत आलाच. तिसरा: 'तळाशी दाणा बसलाय.' आता शब्द योग्य आहेत, पण ही नुसती माहिती आहे. चौथा:

तळाशी दाणा निजलाय.

'झोपलाय' का नाही? कारण 'धंदा झोपला' हा अर्थ लगेच डोकावतो. 'निजलाय'मध्ये बाळाची चाहूल आहे, आणि निजलेल्याला कुणी हलवत नाही. गाळासकट बाटली हलवू नका, हे वेगळं सांगावं लागत नाही. इथेच थांबा. 'तळाशी दाणा निजलाय, वर सोनं चमकतंय' केलंत की दोन चित्रं एकमेकांना खातात.

हे तंत्र जुनंच आहे. अमेरिकेतल्या मॉर्टन कंपनीने मिठात मॅग्नेशियम कार्बोनेट मिसळलं, त्यामुळे दमट हवेतही त्याचे गोळे होईनात. जाहिरातीसाठी आधी सुचलेली ओळ साधारण अशी होती: पावसाळी हवेतही मोकळं वाहतं. खरी, पण लांब आणि कोरडी. १९१४ मध्ये डब्यावर आली 'व्हेन इट रेन्स, इट पोअर्स', आणि सोबत छत्री घेतलेली, मागे मीठ सांडत चाललेली मुलगी. संकटं एकदम कोसळतात अशा अर्थाची म्हण त्यांनी आपल्या बाजूला वळवली: पाऊस पडला तरी हे मीठ भरभर ओतलं जातं. पावसाळ्यात ज्याच्या मिठाला पाणी सुटलंय, त्याला ती ओळ समजवावी लागत नाही.

छापण्याआधी पाच गिऱ्हाइकांना ओळ एकदाच वाचून दाखवा. 'आवडली का?' विचारू नका, सगळे हो म्हणतात. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारा, 'काल काय वाचलं होतं?' तिघांना दाणा आणि निजणं आठवलं तर ठेवा. कुणी 'म्हणजे आत अख्खा शेंगदाणा आहे का?' म्हणालं तर घाबरू नका, मागच्या लेबलवर एका साध्या वाक्यात गाळ म्हणजे काय ते लिहा. ओळ मात्र लेबलच्या खालच्या कडेला छापा, गाळाच्या अगदी वर. वरती ब्रँडच्या नावाखाली टाकलीत तर चित्र आणि वस्तू यांची गाठच पडणार नाही.

दोन अडचणी आहेत. ही ओळ मराठीतच चालते, हिंदी बाजारात 'दाना' म्हणजे कुठलाही दाणा. आणि ओळ गोड झाली म्हणून निवळायचे दिवस कमी करू नका: गाळ जास्त राहिला तर तळताना तळाशी जळून काळा पडतो आणि तेल लवकर खवट होतं. तळाला पातळ थर दिसावा एवढंच हवं. उद्या फिल्टर प्रेस बसवून तेल आरशासारखं केलंत तर मात्र ही ओळ त्याच दिवशी लेबलवरून काढा.