चिखलदऱ्याचा हिशोब कसा मिटवायचा
अरे भाऊ, तुम्ही चौघं मित्र चिखलदऱ्याला गेले, रूम एकानंच बुक करून पैसे भरले, अन् आता हिशोब अडला ना? तर सगळं बिल जोडून चारनं भागू नको, भांडण तिथंच लागते. आधी नाईलाजाचा खर्च अन् हौशीचा खर्च वेगळा कर. तुमची रूम ठरली होती रात्रीला २,००० ची, त्या मित्रानं न विचारता ४,५०० वाली घेतली, दोन रात्रीचे ५,००० जास्तीचे गेले, ते त्याचेच. ठरलेले ४,००० चौघांत, म्हणजे हजार-हजार. परतवाड्यात टायर फुटला त्याचे १,२०० त्यानंच भरले ना, ते मात्र सगळ्यांचे, ३०० प्रत्येकी. तर तुम्ही तिघं त्याला १,३००-१,३०० द्या. पण बुकिंगआधी त्यानं ग्रुपवर रेट टाकला अन् तुम्ही हो म्हटलं असन, तर ते ५,००० पण चौघांत वाटा, चॅट उघडून तारीख बघून घे आधी.