हजार रुपयांचा वैद्यकीय भत्ता घेत असलो तरी कार्ड काढता येतं

प्रश्न: वडील २०१७ ला केंद्र सरकारच्या ऑफिसातून रिटायर झाले. आम्ही नांदेडला राहतो. पेन्शनसोबत महिन्याला १००० रुपये मेडिकल भत्ता येतो. आता आईला गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय. भत्ता घेता म्हणून खर्च परत मिळणार नाही, असं बँकेत सांगितलं. खरं आहे का? कॅशलेस काही होऊ शकतं का?

उत्तर:

बँकेतल्या माणसानं अर्धीच गोष्ट सांगितली. एवढ्यावर विसंबून ऑपरेशन उरकू नका. तारीख ठरवण्याआधी एक काम केलंत, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं कार्ड काढलंत, तर आईचं ऑपरेशन कॅशलेस होऊ शकतं. आधी ऑपरेशन आणि मग हे काम, असं केलंत तर मात्र मागचा खर्च हाती येणं अवघड आहे.

महिन्याच्या त्या हजार रुपयांना निश्चित वैद्यकीय भत्ता म्हणतात. पूर्वी तो ५०० होता, जुलै २०१७ पासून १००० झाला. जिथं केंद्र सरकारची आरोग्य योजना, म्हणजे सीजीएचएसचा दवाखाना नाही, अशा गावी राहणाऱ्या केंद्रीय पेन्शनरला तो मिळतो, आणि तो फक्त ओपीडीसाठी असतो. बीपीच्या गोळ्या, डॉक्टरची फी, महिन्याची शुगर तपासणी हे सगळं त्यात आलं. अॅडमिट होण्याचा खर्च त्यात धरलेलाच नाही. म्हणूनच बाहेरगावी राहणाऱ्या पेन्शनरला नुसता भत्ता किंवा सगळं कार्डावर याखेरीज तिसराही पर्याय दिलेला आहे: ओपीडीसाठी भत्ता चालू ठेवायचा आणि अॅडमिट होण्यापुरतं सीजीएचएसचं कार्ड घ्यायचं. माझ्या ओळखीच्या पेन्शनरांपैकी निम्म्यांना हा पर्याय माहीत नाही. रिटायर होताना फॉर्मवर भत्त्यापुढं खूण केली आणि विषय तिथंच संपला, असं बहुतेकांचं झालेलं असतं.

कार्ड फुकट नाही, आणि फक्त अॅडमिट होण्यापुरतं घेतलं तरी वर्गणी पूर्ण भरावी लागते. ती वडिलांच्या शेवटच्या वेतन स्तरावर ठरते. स्तर १ ते ५ ला महिना २५०, स्तर ६ ला ४५०, स्तर ७ ते ११ ला ६५० आणि त्यावर १००० रुपये. पेन्शनरला १२० महिन्यांची वर्गणी एकदम भरून आयुष्यभराचं कार्ड मिळतं. वडील स्तर ६ वर रिटायर झाले असतील तर ४५० गुणिले १२०, म्हणजे ५४,००० रुपये. आकडा ऐकून घरचे बिचकतात. पण हे पैसे म्हणजे वडिलांचा साडेचार वर्षांचा भत्ता, आणि भत्ता बंद होत नाही. त्याच वर्गणीत आईही येते, तिच्यासाठी वेगळं काही भरायचं नाही. मुलं, आईवडील अशा इतर अवलंबितांना उत्पन्नाची मर्यादा आहे, जोडीदाराला नाही. उद्या वडिलांच्या मागं आईला कुटुंब निवृत्तिवेतन लागलं तरी आजीवन वर्गणी तिच्याही उपयोगी पडते. फक्त कार्ड तिच्या नावावर करून घ्यावं लागतं.

कार्ड निघेल ते जवळच्या सीजीएचएसच्या शहरातून. नांदेडकरांना हैदराबाद सोयीचं. आम्ही उदगीरचे, आम्हीही तिथूनच काढलं. अर्ज आता www.cghs.mohfw.gov.in वर होतो आणि पैसेही ऑनलाइन भरता येतात. पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची प्रत, शेवटच्या पगाराचा दाखला, दोघांचे आधार आणि फोटो, पत्त्याचा पुरावा तयार ठेवा. पीपीओवर भत्त्याची नोंद कशी आहे ते आधी बघा आणि अर्जात ‘ओपीडीसाठी भत्ता, अॅडमिटसाठी सीजीएचएस’ हाच पर्याय निवडा. दोन्ही गोष्टी कार्डावरच घेतो असं लिहून बसलात तर भत्ता बंद होईल, आणि हा पर्याय बदलायला एकदाच मिळतो.

आता गुडघ्याचं. हे ठरवून करायचं ऑपरेशन आहे, म्हणून कॅशलेससाठी दवाखाना सीजीएचएसच्या यादीतला लागतो. हैदराबादेत असे दवाखाने आहेत, आणि कार्ड हैदराबादचं असलं तरी पुण्याच्या यादीतल्या दवाखान्यातही चालतं. आईचं वय ७० च्या आत असेल तर आधी वेलनेस सेंटरच्या, म्हणजे सीजीएचएसच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा किंवा सरकारी तज्ज्ञाचा लेखी सल्ला घ्या आणि वेलनेस सेंटरला विचारून रेफरल हातात घेऊनच दवाखान्यात जा. वय ७० च्या वर असेल तर २०२४ पासून यादीतल्या दवाखान्यात रेफरलशिवाय थेट जाता येतं. यादीतल्या दवाखान्यानं पेन्शनरकडून अनामत मागायची नाही, असा नियम आहे. मागितलीच तर आधी लेखी मागा. कागदावर द्यायची वेळ आली की बहुतेक ठिकाणी मागणी मागं घेतली जाते. नाही घेतली तर सीजीएचएसच्या अपर संचालकांकडे तक्रार करा. घरी आल्यावरच्या गोळ्या आणि ओपीडीतली फिजिओथेरपी मात्र त्या हजारातूनच भागवायची आहे.

बाकी राहिला अचानक अॅडमिट होण्याचा प्रकार. तो आमच्या घरी झाला, म्हणून सविस्तर सांगतो.

जानेवारी २०२४, रविवारची संध्याकाळ. आमच्या मंडळींना दोन दिवसांपासून ताप होता. बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजणारं यंत्र ८४ दाखवायला लागलं. बोट पुसून परत लावलं, परत ८४. उदगीरच्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावून लगेच लातूरला हलवायला सांगितलं. अशा वेळी दवाखाना यादीत आहे का हे कोण बघत बसतं? जवळचा गाठला, आणि तो यादीत नव्हता. न्यूमोनिया निघाला. पाच दिवस आयसीयू, चार दिवस खोली. बिल झालं १,३६,५०० रुपये, सगळे रोख भरले.

आपत्कालीन स्थितीत यादीबाहेरच्या दवाखान्यात गेलं तरी खर्च परत मागता येतो, पण मिळतो तो सीजीएचएसच्या दरानं किंवा प्रत्यक्ष खर्चानं, जो कमी असेल तो. आयसीयूचे दिवसाला ९,००० लावले होते, म्हणजे ४५,०००. तेव्हाचा सीजीएचएसचा दर होता ५,४००, म्हणून २७,००० मंजूर झाले. खोलीचे दिवसाला ५,००० लागले होते. माझा शेवटचा मूळ पगार ४७,६०० होता. ३६,५०० पर्यंत जनरल वॉर्ड, ५०,५०० पर्यंत सेमी प्रायव्हेट आणि त्यापुढं प्रायव्हेट अशी पात्रता असल्यानं मी सेमी प्रायव्हेटमध्ये बसतो. तो दर तेव्हा ३,०००, म्हणून चार दिवसांचे २०,००० ऐवजी १२,००० मिळाले. स्वतंत्र खोली आम्ही आमच्या हौसेनं घेतली होती, त्याची तक्रार नाही. औषधं, तपासण्या आणि डॉक्टरांची फी मिळून ७१,५०० चे ४९,२०० झाले. हातात आले ८८,२००.

यातलं औषधांचं निम्मं बिल आधी नामंजूर होऊन परत आलं होतं. कारण दवाखान्यानं एकाच ओळीत ‘औषधे व साहित्य’ असं लिहून खाली रक्कम टाकली होती. तपासणाऱ्याला त्यातलं इंजेक्शन कोणतं आणि डायपर, पावडर कोणती हे कळणार कसं? डायपर, हातमोजे, प्रोटीन पावडर हे मिळत नाही, इंजेक्शन मिळतं. लातूरच्या तीन खेपा करून नावानिशी, संख्येनिशी बिल काढून घेतलं, तेव्हा ते मान्य झालं. डिस्चार्जच्या दिवशीच मागितलं असतं तर त्या खेपा वाचल्या असत्या. तपासण्यांचंही तसंच, प्रत्येक तपासणीचं नाव आणि तारीख हवी.

दुसरा कागद म्हणजे आपत्कालीन स्थितीचा दाखला. यादीबाहेरच्या दवाखान्याचा क्लेम बहुतेक याच्यावर अडतो. ‘रुग्णास दाखल करण्यात आले’ एवढं पुरत नाही. आमच्या दाखल्यात डॉक्टरांनी दाखल होतानाचा ऑक्सिजन, श्वासाचा वेग आणि तातडीनं आयसीयूत घ्यावं लागलं हे स्पष्ट लिहून दिलं, तो प्रश्न परत आला नाही. सोबत भरलेला क्लेम फॉर्म, दोघांच्या कार्डांच्या प्रती, डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं आणि पावत्या, रद्द केलेला चेक जोडला आणि सगळं ज्या वेलनेस सेंटरला कार्ड आहे तिथं दिलं. डिस्चार्जपासून सहा महिन्यांच्या आत द्यावं लागतं. देण्याआधी प्रत्येक कागदाची झेरॉक्स घरी ठेवा. आम्हाला पैसे यायला आठ महिने लागले.

तुमच्याकडे खासगी मेडिक्लेम असेल तर आधी त्या कंपनीकडून घ्या, आणि किती दिले याचा दाखला जोडून उरलेल्या रकमेसाठी सीजीएचएसकडे जा. दोन्ही मिळून झालेल्या खर्चापेक्षा जास्त मिळत नाही.

‘दवाखाना यादीत नव्हता’ एवढ्याच कारणावर क्लेम नाकारला तर गप्प बसू नका. शिवकांत झा या निवृत्त अधिकाऱ्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये सांगितलंय की उपचार खरे झालेत का हे बघायचं, नाव यादीत नाही म्हणून हक्क जात नाही. अपिलात हा निकाल लिहा.

वडील किंवा आई ७० च्या वर असतील तर आयुष्मान वय वंदना कार्डाबद्दलही कोणीतरी सांगेल. त्यात पाच लाखांपर्यंत उपचार होतात. पण सीजीएचएस असेल तर दोन्हीपैकी एकच निवडावं लागतं. नुसता भत्ता घेणाऱ्या सत्तरीपुढच्या माणसाला वर्गणी झेपत नसेल तर ते बघायला हरकत नाही.

हे सगळं केंद्राच्या पेन्शनरांचं आहे. राज्य सरकारचं किंवा जिल्हा परिषदेचं पेन्शन असणाऱ्यांना हे कार्ड मिळत नाही, त्यामुळे शेजारच्या गुरुजींचा अनुभव वडिलांना लावू नका.

उद्या सकाळी वडिलांच्या पीपीओची फाइल काढा आणि शेवटचा वेतन स्तर कोणता होता ते बघा. तो आणि आईचं वय इथं लिहा, वर्गणी किती आणि रेफरल लागेल का ते सांगतो. गुडघा महिनाभर थांबू शकतो का, हे डॉक्टरांना आजच विचारून ठेवा.